लॅपटॉपची तारीख रोज सकाळी २०१५ वर: सेल बदलण्याआधी आणि बदलताना

मावसभावाचा फोन आला तेव्हा त्याची तक्रार घड्याळाची नव्हतीच. "दादा, नेट चालू आहे, पण एकही साईट उघडत नाही. सगळीकडे कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय." राउटर दोनदा बंद-चालू करून झाला होता, ब्राउझर काढून पुन्हा टाकून झाला होता आणि मधेच अँटिव्हायरसनेही काहीतरी मुदतीचं सांगायला सुरुवात केली होती. मी त्याला पडद्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. त्याने एकेक अक्षर लावून वाचलं:

```
NET::ERR_CERT_DATE_INVALID
```

मग उजव्या कोपऱ्यातली तारीख विचारली. १ जानेवारी २०१५.

प्रत्येक सुरक्षित साईटच्या प्रमाणपत्राला "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" अशी मुदत असते. लॅपटॉप २०१५ मध्ये असेल तर त्याच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो दार उघडत नाही. नेटचा यात काही दोष नाही. भावाने तारीख हाताने बदलली, सगळं सुरळीत चाललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २०१५. यावर "मदरबोर्डवरचा सेल गेलाय, बदलून टाक" असं कोणीही पटकन सांगेल आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघेल. पण लॅपटॉप उघडणं म्हणजे डेस्कटॉपचं झाकण बाजूला करणं नव्हे. त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी वीस मिनिटं खर्च करून खात्री करून घ्यावी, असं माझं मत आहे.

घड्याळ चुकतंय, पण कसं चुकतंय?

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि त्यासाठी काही उघडावं लागत नाही. चुकण्याचे चार प्रकार असतात आणि त्यातल्या दोघांचाच सेलशी संबंध आहे.

पहिला प्रकार म्हणजे घड्याळ एका ठरावीक जुन्या तारखेवर जाऊन बसतं. ती तारीख बायॉस बनवणाऱ्याने ठरवलेली असते. कुठे एखाद्या वर्षाची १ जानेवारी असते, तर कुठे बायॉसची ती आवृत्ती तयार झाली तो दिवस. दरवेळी तीच तारीख येत असेल तर घड्याळाची वीज पूर्ण तुटली, स्मृती पुसली गेली आणि बायॉसने कोऱ्या पाटीवर आपली तारीख लिहिली, असा अर्थ होतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. रात्री अकराला बंद केलेला लॅपटॉप सकाळी नऊला उघडला तर तो अकरा वाजून दोन मिनिटं दाखवतो आणि तारीख कालची असते. म्हणजे घड्याळ पुसलं गेलेलं नाही, रात्रभर थांबलं होतं. सेल पूर्ण मेलेला नसतो. आकडे धरून ठेवण्याइतका जीव त्यात असतो, पण काटा फिरवण्याइतका नसतो. पहिल्या प्रकाराआधी काही आठवडे बऱ्याचदा हा प्रकार दिसतो.

तिसऱ्या प्रकारात घड्याळ चालतं नीट, पण ठरावीक अंतराने चुकलेलं असतं आणि हे अंतर तुमच्या टाइमझोनइतकंच, म्हणजे आपल्याकडे साडेपाच तासांचं असतं. एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी वेळ आहे असं धरून चालतं, आणि दोघं एकमेकांचं लिहिलेलं खोडत बसतात. सेल दहा वेळा बदलला तरी हे थांबणार नाही. लिनक्सला `timedatectl set-local-rtc 1` असं सांगून भांडण मिटवता येतं.

चौथा प्रकार म्हणजे घड्याळ हळूहळू सरकणं. आठवड्यात दहा-बारा सेकंदांचा फरक पडला तर ते सेलचं काम नाही. घड्याळाचा ठेका ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक धरतो आणि त्यात दशलक्षात वीसची चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. याकडे दुर्लक्ष करा. नेटवरून वेळ जुळली की तो फरक भरून निघतो.

भावाच्या मशिनचा पहिला प्रकार होता. पण मी खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हो रे दादा, मागच्या महिन्यात सकाळी चालू केल्यावर थोडा वेळ कालची तारीख दिसायची. मग आपोआप नीट व्हायची." म्हणजे दुसरा प्रकार येऊन गेला होता, फक्त कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता.

तो का भरला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. विंडोजची वेळ जुळवणारी नेहमीची सेवा नेटवरून खरी वेळ घेते आणि घड्याळ सरळ करते. पण घरगुती मशिनवर मूळ सेटिंगमध्ये तिला मर्यादा असते ५४,००० सेकंदांची, म्हणजे १५ तासांची. फरक त्याहून मोठा असेल तर ती हात लावत नाही, कारण काही वर्षांची उडी ही नेटवरून कोणी केलेली लबाडीही असू शकते. भावाचा लॅपटॉप रात्री तेरा-चौदा तास बंद असायचा. तोपर्यंत चूक मर्यादेच्या आत होती आणि गुपचूप दुरुस्त होत होती. घड्याळ थेट २०१५ वर गेलं तेव्हा मर्यादा ओलांडली गेली आणि दुखणं बाहेर आलं.

लॅपटॉपचा सेल डेस्कटॉपसारखा वागत नाही

मदरबोर्डवर घड्याळाचा एक छोटा भाग असतो. त्याला रिअल टाइम क्लॉक किंवा आरटीसी म्हणतात. चार्जर लावलेला असतो तेव्हा त्याला बोर्डाकडूनच वीज मिळते आणि सेल निवांत बसून असतो. चार्जर काढला, मशिन बंद केलं की पुढचं मॉडेलवर अवलंबून असतं. काही बोर्ड मुख्य बॅटरीतून थोडी वीज घेत राहतात, काही लगेच सेलवर येतात. पण चार्जर आणि मुख्य बॅटरी दोन्ही नसतील तर सगळा भार सेलवर पडतो, यात मात्र अपवाद नाही.

भावाच्या लॅपटॉपची मुख्य बॅटरी फुगली होती, म्हणून दीड वर्षापूर्वी काढून टाकली होती. तेव्हापासून लॅपटॉप थेट चार्जरवर चालायचा आणि रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद व्हायचं. निष्काळजीपणा यात काहीच नाही, उलट शहाणपणाच आहे. पण त्यामुळे जो सेल क्वचित कधी कामाला यायचा, तो रोज चौदा तास राबायला लागला.

हिशोब करून बघू. आरटीसी साधारण ६ मायक्रोअँपिअर घेतं असं धरा. डेस्कटॉपमध्ये दिसतो तो सीआर-२०३२ हा सेल २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड आणि सुमारे २२० मिलिअँपिअर-अवर क्षमतेचा असतो. तो सलग ३६,००० तासांवर, म्हणजे चार वर्षांच्या वर टिकतो. पण या लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला सीआर-१२२० बसवला होता. तो १२.५ मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड आणि क्षमतेने ३५ ते ४० मिलिअँपिअर-अवर. चाळीसही धरले तरी ६,६०० तास होतात आणि रोजचे चौदा तास धरले तर साधारण सोळा महिने. दीड वर्षापूर्वी बॅटरी काढली आणि आता सेल संपला, गणित जुळतं. लॅपटॉप आठ वर्षांचा आहे म्हणून सेल गेला असं भाऊ समजत होता. वय हे कारण होतं, पण अर्धंच.

उघडण्याआधीच्या तीन चाचण्या

पहिली चाचणी म्हणजे एक रात्र भिंतीवरचं बटण चालू ठेवा. लॅपटॉप नेहमीसारखा बंद करा, फक्त चार्जर जोडलेला राहू द्या. सकाळी वेळ बरोबर निघाली आणि दुसऱ्या रात्री बटण बंद ठेवल्यावर चुकली, तर संशय सेलवर पक्का होतो. चार्जर लावूनही तारीख मागे गेली तर थांबा. तिथे सेलपेक्षा बोर्ड किंवा बायॉसमध्ये गडबड असण्याची शक्यता जास्त, आणि सेल बदलून हाती काही लागणार नाही.

दुसरी चाचणी म्हणजे वेळ विंडोजमध्ये न बघता बायॉसमध्ये बघा. हे फार जण करत नाहीत, म्हणून निष्कर्ष चुकतात. विंडोज सुरू झालं की नेटवरून वेळ जुळवू शकतं आणि आजार झाकला जातो. लिनक्सची गंमत आणखी वेगळी आहे. ज्या मशिनवर `systemd-timesyncd` चालतं तिथे शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर लिहून ठेवलेली असते आणि सुरू होताना घड्याळ त्याच्या मागे असेल तर किमान तिथपर्यंत पुढे ओढलं जातं. म्हणजे मदरबोर्डचं घड्याळ २०१५ दाखवत असतानाही पडद्यावर कालची रात्र दिसते आणि आपल्याला वाटतं की हा दुसरा प्रकार आहे. बायॉसचा पडदा मात्र थेट आरटीसीतून वाचतो. म्हणून सकाळी पहिल्यांदा चालू करताना एफ२, डिलीट किंवा तुमच्या मशिनची जी की असेल ती दाबून आत जा आणि मोबाईलशी वेळ ताडून बघा.

लिनक्स असेल तर आतूनही बघता येतं:

```
sudo hwclock --show
cat /proc/driver/rtc
```

दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात `batt_status` अशी ओळ येते. तिथे `dead` दिसलं तर विश्वास ठेवा. `okay` दिसलं तर ठेवू नका, कारण बऱ्याच चिपसेटमध्ये ही खूण कायम "ठीक" अशीच असते.

तिसऱ्या चाचणीत फक्त सुरू होतानाचा काळा पडदा वाचायचा. यातलं काही दिसतंय का बघा:

```
CMOS checksum error
Real-Time Clock Power Loss
Time-of-day not set
```

शब्द मशिनगणिक बदलतात. भावाच्या मशिनवर असा निरोप रोज येत होता आणि तो रोज एफ१ दाबून पुढे जात होता. विचारलं तर म्हणाला, "ते नेहमीचंच आहे." नेहमीचं झालं की माणूस वाचत नाही.

रोज सुरू होताना वेळ जुळवणारी स्क्रिप्ट टाकून हे निभावून नेणारेही असतात. ज्यांना लॅपटॉप उघडता येत नाही त्यांच्यासाठी तेवढ्यापुरतं ठीक आहे. पण नेट मिळेपर्यंतच्या काळात ज्या फायली सेव्ह होतात त्यांच्यावर २०१५ चा शिक्का बसतो आणि "नवी फाईल ठेव, जुनी टाक" या तत्त्वावर चालणारा बॅकअप अशा वेळी तुमची आजची फाईल जुनी समजतो. हे नुकसान लगेच दिसत नाही.

उघडण्याच्या आदल्या दिवशी

सेल काढला की काही मशिनमध्ये बायॉसची सेटिंग मूळपदावर जातात. नव्या मशिनमध्ये ती बहुधा फ्लॅश चिपमध्ये असतात, त्यामुळे फक्त वेळ जाते. आपलं मशिन कोणत्या गटातलं हे आधी कळत नाही. म्हणून बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्यातही डिस्कचा मोड काय आहे, AHCI की RAID, हे नक्की टिपा. सेल बदलल्यावर विंडोज `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` म्हणून निळा पडदा दाखवतं तेव्हा बऱ्याचदा डिस्क बिघडलेली नसते, हा मोड उलटा झालेला असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायॉसची सेटिंग बदलल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की आधी शोधून कागदावर उतरवा आणि मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत कुलूप तात्पुरतं सैल करा:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

काम आटोपल्यावर याच आज्ञेत `-RebootCount 0` काढून `-disable` च्या जागी `-enable` लिहायचं. आपण बिटलॉकर कधी चालू केलंच नाही, यावर विसंबू नका. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा आधीपासून चालू असतं.

सेल ओळखणं

आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. सेल कुठे आहे, मागचं झाकण काढून दिसतो की कीबोर्ड उचलावा लागतो, हे त्यात असतं. आणि सेल आहे की नाही हेही कळतं. अलीकडच्या काही बारीक लॅपटॉपमध्ये वेगळा सेल ठेवलेलाच नसतो, घड्याळ मुख्य बॅटरीवरच चालतं. तिथे तारीख पुसली जाते ती मुख्य बॅटरी पार कोरडी पडल्यावर. बदलायचं काही नसतं, बॅटरी शून्यावर आठवडेच्या आठवडे ठेवायची नाही, एवढंच.

उघडताना लॅपटॉप खरोखर बंद करा. विंडोजचं नेहमीचं शटडाऊन फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट असतं, त्यामुळे `shutdown /s /t 0` ही आज्ञा द्या. चार्जर काढा. झाकण उघडल्यावर पहिलं काम म्हणजे मुख्य बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सोडवणं. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डला टेकू पाहतो.

सेल दोन प्रकारे बसवलेला असतो. एक तर नेहमीच्या खाचेत, नाहीतर काळ्या किंवा पिवळ्या आवरणात गुंडाळून दोन वायरी आणि टोकाला छोटा कनेक्टर लावलेला. भावाचा दुसऱ्या प्रकारचा होता. कनेक्टर वायरींना धरून ओढू नका. प्लॅस्टिकच्या पट्टीने दोन्ही बाजूंनी थोडं थोडं ढकलत बाहेर काढा.

मग मल्टिमीटर. नवा सेल ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. भावाचा २.३१ दाखवत होता, म्हणजे वादच नाही. अडचण २.९ दाखवणाऱ्या सेलची असते. लिथियम सेलचं व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी एकदम घसरतं, त्यामुळे नुसता आकडा खोटा दिलासा देतो. अशा वेळी मीटर लावलेला असतानाच सेलच्या दोन टोकांवर १ किलो-ओहमचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद टेकवा. चांगल्या सेलचं व्होल्टेज किंचित उतरून तिथेच थांबतं. दमलेल्या सेलचं डोळ्यांदेखत खाली जात राहतं.

नवा सेल घेताना झालेली चूक

सेलवर छापलेला क्रमांक अक्षरासकट जुळला पाहिजे. सीआर म्हणजे एकदाच वापरायचा लिथियम सेल. एमएल किंवा व्हीएल म्हणजे चार्ज होणारा, आणि ज्या बोर्डावर तो असतो तिथे त्याला चार्ज करणारं सर्किट असतं. तिथे सीआर बसवला तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये वीज ढकलली जाते. तो फुगू शकतो, फुटू शकतो. उलट, एलआयआर नावाचे जे सेल दिसायला हुबेहूब सारखे असतात ते ३.६ व्होल्टच्या वरचे, ते ३ व्होल्टच्या जागी नकोत.

जुन्या सेलच्या वायरी काढून नव्याला सोल्डर करायचा मोह होतो. करू नका. त्या पट्ट्या कारखान्यात स्पॉट वेल्डिंगने क्षणात चिकटवलेल्या असतात. सोल्डरिंगची उष्णता सेलच्या आत पोचली की तो निकामी होतो किंवा फुटतो. वायरीसकट तयार सेल मिळतो, तोच घ्यावा.

आम्ही तोच घेतला. बसवला, वेळ लावली, बंद केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा १ जानेवारी २०१५. भाऊ म्हणाला, "म्हणजे मदरबोर्डच गेला." मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग जुना आणि नवा सेल शेजारी ठेवून बघितले. कनेक्टरचा खाचेचा भाग वर ठेवला तर जुन्यात लाल वायर डावीकडे होती, नव्यात उजवीकडे. या दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये धन टोक कुठे असावं याचा सगळ्यांना लागू असा नियम नाही. कनेक्टर बसतो अगदी घट्ट, पण सेल उलटा जोडला जातो.

नुकसान झालं नाही ते डायोडमुळे. सेल आणि आरटीसी यांच्या वाटेत साधारणपणे एक डायोड आणि एक रेझिस्टर असतो. डायोड एकाच दिशेने वीज जाऊ देतो. मूळ काम चार्जर असताना बोर्डाची वीज सेलमध्ये शिरू नये हे, पण उलट्या सेललाही तो अडवतो. सगळ्याच बोर्डांवर अशी कृपा असेल असं धरू नये. कनेक्टरच्या आत पिनेला एक बारीक जीभ असते, ती सुईने दाबली की पिन वायरीसकट मागे सरकते. दोन्ही पिना काढून जागा बदलल्या, मीटरने धन-ऋण जुन्या सेलशी ताडलं आणि मगच बसवला. जुना सेल फेकण्याआधी फोटो काढून ठेवा असं मी सांगतो ते याचसाठी.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवा. घरात लहान मूल असेल तर काम चालू असतानाही टेबलावर सुटा सेल पडू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो.

पहिल्यांदा चालू करताना

पडदा मिनिट-दोन मिनिटं काळा राहू शकतो. मशिन मेमरी नव्याने जुळवत असतं. मधेच बटण दाबून बंद करू नका. मग तारखेचा निरोप शेवटचा एकदा दिसेल. बायॉसमध्ये जाऊन तारीख-वेळ भरा, आदल्या दिवशीचे फोटो उघडून डिस्कचा मोड आणि बूटचा क्रम ताडा, सेव्ह करून बाहेर पडा. मशिन नीट सुरू झालं की बिटलॉकर पुन्हा चालू करायला विसरू नका.

आता परीक्षा. चार्जर काढून लॅपटॉप रात्रभर ठेवायचा, मुख्य बॅटरी असेल तर ती सोडवून, आणि सकाळी थेट बायॉसमध्ये वेळ बघायची. दहा मिनिटांची चाचणी पुरत नाही. वीज काढल्यावर बोर्डावरचे कपॅसिटर घड्याळाला थोडा वेळ पोसू शकतात आणि मेलेला सेलही पास होतो. भावाच्या मशिनने दुसऱ्या सकाळी मोबाईलपेक्षा एका सेकंदाचा फरक दाखवला.

नवा सेल महिन्याभरात पुन्हा संपला तर

दोष सेलचा नाही, बोर्ड कुठेतरी वीज गळवतो आहे. कधी काळी सांडलेला चहा, दुरुस्तीनंतर न पुसलेला फ्लक्स किंवा बिघडलेला कपॅसिटर, ही नेहमीची कारणं. गळती मोजणं सोपं आहे. चार्जर आणि मुख्य बॅटरी काढलेली असताना सेलच्या धन वायरीच्या वाटेत १ किलो-ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये वाचा. जितके मिलिव्होल्ट तितकेच मायक्रोअँपिअर. पाच-दहा दिसले तर सगळं ठीक. शंभर दिसले तर सीआर-१२२० सतरा दिवसांत संपणार, आणि सीआर-२०३२ सुद्धा तीन महिन्यांपलीकडे जाणार नाही. सेलच्या कनेक्टरच्या आसपासचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून, पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजा. आकडा उतरला तर मळ होता. नाही उतरला तर बोर्डावरचा एखादा भाग शोधून बदलावा लागेल, आणि ते काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं.

भावाच्या बोर्डावर सात मिलिव्होल्ट आले. तो रात्री भिंतीवरचं बटण अजूनही बंद करतो आणि नवी मुख्य बॅटरी घ्यायचं अजून मनावर घेतलेलं नाही, म्हणून सेल बदलल्याची तारीख मी झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवली आहे. तिच्याखाली लाल वायर कोणत्या बाजूला तेही लिहिलंय.